फॉर्म ठेवायचा की व्हॉट्सअ‍ॅपचं बटण?

सुहास: आमचं एसी आणि वॉशिंग मशीन दुरुस्तीचं काम आहे. वेबसाइटवर सात रकान्यांचा फॉर्म आहे, लोक तो अर्धवट सोडून जातात. फॉर्म काढून फक्त व्हॉट्सअ‍ॅप आणि कॉलची बटणं ठेवावीत का?

मेघना: काढाच. मशीनमधून पाणी गळतंय आणि माणूस रकाने भरत बसणार?

अविनाश: मला नाही पटत. व्हॉट्सअ‍ॅपवर नुसतं ‘हाय’ येतं. मग मॉडेल कुठलं, बिघाड काय, राहता कुठे, हे एकेक विचारत बसा. फॉर्ममध्ये सगळं एकदम मिळतं.

रोहिणी: ‘हाय’वर उपाय आहे. लिंकमध्येच पहिलं वाक्य भरून द्या, प्रत्येक सेवेच्या पानावर वेगळं:

```
https://wa.me/देशकोडक्रमांक?text=वॉशिंग%20मशीन%20बिघडलंय.%20परिसर:
```

वाक्यातल्या मोकळ्या जागेऐवजी `%20` लिहा. क्रमांकात देशाचा कोड हवा, पण अधिक चिन्ह, सुरुवातीचं शून्य किंवा मोकळी जागा नको. तिथेच लिंक फसते. कॉलच्या `tel:` लिंकमध्ये मात्र अधिक चिन्हासकट पूर्ण क्रमांक द्या. मॉडेल टाइप करायला लावू नका, मशीनवरच्या स्टिकरचा फोटो मागवा. फॉर्ममध्ये लोक मॉडेल नंबर चुकवतात ते चुकवतातच.

एक लक्षात घ्या, ते वाक्य आपोआप जात नाही, ग्राहकाला ‘पाठवा’ दाबावं लागतं. म्हणून बटण किती वेळा दाबलं गेलं हा आकडा फुगीर असतो. चौकशा चॅटमध्येच मोजा. वाक्य वेगळं असल्यामुळे कुठल्या पानावरून आली तेही कळतं.

प्रकाश: सावध राहा! आम्ही जुन्या ग्राहकांना एकगठ्ठा ऑफर पाठवली आणि नंबरच बंद झाला.

रोहिणी: प्रकाशराव, तो प्रश्न वेगळा. इथे आधी ग्राहक लिहितो.

मेघना: मग कॉलचं बटण तरी सगळ्यात वर, चोवीस तास?

रोहिणी: वर ठीक, चोवीस तास नको. न उचललेल्या कॉलनंतर माणूस लगेच दुसऱ्या दुकानाला फोन लावतो. कामाच्या वेळेबाहेर ते बटण लपवा आणि बिझनेस अ‍ॅपमध्ये ‘सकाळी नऊला उत्तर देऊ’ असा अवे मेसेज लावा. कॉम्प्युटरवर बऱ्याचदा कॉलच्या बटणाने काहीच होत नाही, म्हणून नंबर वाचता येईल असा छापा.

अविनाश: आणि कोपऱ्यातलं तरंगतं बटण लहान फोनवर फॉर्मच्या ‘सबमिट’वरच बसतं. आमच्याकडे तसंच झालं होतं, कळायला दोन महिने लागले. तरी फॉर्म काढू नका. ऑफिसवाले वार्षिक कराराची चौकशी फॉर्मवरूनच करतात. नाव, फोन आणि काम, एवढे तीन रकाने ठेवा.

सुहास: तीन रकाने पटले. पण दिवसा मी स्वतःच शिडीवर असतो. फोन उचलायचा कुणी?

मेघना: घरचं कुणी?

सुहास: बायको म्हणते, दुपारी दोननंतरच.