अनुभव धागा: सीट विकत घेतली, पण युजरला लायसन्सच नाही म्हणतंय

कुपवाडच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीचं ऑफिस सांभाळते. कॉम्प्युटरवाला असा वेगळा कुणी नाही, त्यामुळे मायक्रोसॉफ्ट ३६५ चं अ‍ॅडमिनपण माझ्याच गळ्यात आहे. नवीन माणसासाठी सीट घ्यायची, पैसे भरायचे आणि त्याच्या एक्सेलवर मात्र `Unlicensed Product` दिसायचं, हे आजूबाजूच्या दोन-तीन कारखान्यांतही ऐकलं. तुमच्याकडे झालं असेल तर लिहा. सीट शेवटी कुठे सापडली, हे जरूर सांगा.

वसंतदादा चौक: ताई, सोपं आहे. सीट घेतली म्हणजे फक्त आकडा वाढतो, ती माणसाच्या नावावर आपणच लावायची. युजर उघडा, `Licenses and apps` मध्ये टिक करा, सेव्ह करा. दहातल्या नऊ वेळा एवढंच असतं.

अजिंक्यतारा: टिक करायला सीट दिसली तर ना! आमची गंमत त्याच्या आधीच झाली. साताऱ्यातलं छोटं इंजिनिअरिंग युनिट, वीस सीट जुन्या, पाच नव्या घेतल्या. डीलरचं बिल आलं, पैसे गेले. टिक करायला गेलो तर एकही सीट शिल्लक नाही. डीलर म्हणे, आमच्याकडे ऑर्डर पूर्ण दिसतेय. तोही खरं बोलत होता.

मग `Billing > Your products` उघडलं. तिथे एकूण वीस आणि लावलेल्या वीस. पंचवीस झाले असते तर फक्त लावायचं राहिलं म्हटलं असतं. आकडाच हलला नाही, म्हणजे सीट आमच्या खात्यात आलेलीच नव्हती. डीलरकडून ऑर्डरचा मेल मागवला आणि त्यातलं `onmicrosoft.com` च्या आधीचं नाव बघितलं. आमच्या नावापुढे `pvt` जोडलेलं! पूर्वी कुणीतरी ट्रायलसाठी कंपनीच्या नावाने दुसरं टेनंट, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडचं वेगळं खातं, उघडलं होतं, आणि डीलरच्या यादीत तेच राहिलं होतं. पाचही सीट तिकडे बेवारस पडलेल्या.

एका टेनंटमधून दुसऱ्यात सीट ओढून आणता येत नाही. तिकडची ऑर्डर रद्द करून इकडे नवीन टाकावी लागते. डीलरमार्फत घेतलेलं वार्षिक सबस्क्रिप्शन रद्द करायला खरेदीपासून सात दिवसच मिळतात, पुढे वर्षभराचे पैसे अडकतात. आम्ही मुदतीत होतो म्हणून वाचलो. म्हणून सांगतो, बिल आलं की त्याच दिवशी तो आकडा बघा. महिन्याने बघून फक्त भांडण उरतं.

हळदबाजार: आमचंही असंच! टॅली एकदम एज्युकेशनल मोडमध्ये गेलं. महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेशिवाय एंट्रीच घेईना. मार्केट यार्डात सौदे चालू आणि इकडे हे. शेवटी कळलं, ज्या मशीनवर लायसन्स होतं ते पोराने बंद केलं होतं.

अजिंक्यतारा: काका, तुमचं लायसन्स मशीनला बांधलेलं. इथे ते माणसाच्या लॉगिनला बांधलेलं असतं. आजार वेगळा.

हळदबाजार: असू दे, डोकेदुखी तीच.

कोयनाकाठ: मला वाटतं घाई करू नये. लायसन्स लावल्यावर चोवीस तास लागतात, तोवर साइन आउट, साइन इन करत बसायचं. आमच्याकडं आपोआप आलं.

अजिंक्यतारा: टिक झालेली असेल तर थोडं थांबणं ठीक. टिकच नसेल तर चोवीस काय, चाळीस दिवस थांबलात तरी काही येणार नाही. पॉवरशेल चालवणाऱ्यांसाठी, कुठल्या प्लॅनच्या किती सीट लावल्यात ते बघायला:

```
Get-MgSubscribedSku | Select SkuPartNumber, ConsumedUnits
```

यात बिझनेस स्टँडर्ड `O365_BUSINESS_PREMIUM` या जुन्या नावाने येतं. ते पाहून आमच्या अकाउंटंटने चुकीचा प्लॅन दिला म्हणून डीलरला फोन लावला होता. तेवढी चूक डीलरची नव्हती.

कराडकर: ग्रुपला लायसन्स लावणाऱ्यांनी एक बघा. आमचा 'स्टोअर' ग्रुप 'प्लांट' ग्रुपच्या आत टाकला होता. लायसन्स प्लांटला, सीटही भरपूर, तरी स्टोअरवाले कोरडेच. ग्रुपच्या आतल्या ग्रुपला ते पोचत नाही, माणसं थेट घालावी लागतात.

धागाकर्ती: आत्ताच तपासलं. आकडा वाढलाय, त्या मुलाच्या नावावर टिकही आहे. ब्राउझरमध्ये एक्सेल उघडतंय, कॉम्प्युटरवरचंच नाही म्हणतंय.

वसंतदादा चौक: मग प्लॅन बेसिक असणार. त्यात कॉम्प्युटरवरची अ‍ॅप्स येतच नाहीत.

धागाकर्ती: नाही हो, बिलावर आणि स्क्रीनवर दोन्हीकडे स्टँडर्डच आहे.

अजिंक्यतारा: एक्सेलमध्ये `File > Account` उघडा आणि कुठला ईमेल दिसतो ते बघा. जुन्या माणसाचा कॉम्प्युटर दिलाय का त्याला?

धागाकर्ती: दिलाय खरा. पण तो पोरगा आज दुसऱ्या पाळीला आहे, मशीनला पासवर्ड. संध्याकाळी बघून लिहिते.