शब्दचर्चा : ‘शेनासनामे’तले नंबर आणि आईबापांची नावं इंग्रजीत कशी उतरवायची?

निखिल : इराणमधल्या यज़्दमध्ये जन्मलेल्या एका बाईंचा जन्मदाखला, म्हणजे ‘शेनासनामे’ नावाची छोटी पुस्तिका, मी फारसीतून इंग्रजीत करतोय. त्यांना तो परदेशी व्हिसासाठी हवा आहे. मी पुण्यात तीन वर्षं फारसी शिकलो, पण कविता वाचणं वेगळं आणि सरकारी कागद वाचणं वेगळं. पहिल्या पानावरच अडकलोय. नंबरच नंबर आहेत. ‘शोमारे-ये शेनासनामे’, म्हणजे शेनासनाम्याचा नंबर, यासमोर ४५६ आहे. वडिलांच्या नावापुढे पुन्हा तेच शब्द आणि ८७. आईच्या नावापुढे ३१२. वर कोपऱ्यात एक अक्षर, दोन आकडी संख्या आणि सहा आकडी संख्या. शिवाय दहा आकडी ‘शोमारे-ये मेल्ली’. मी पहिल्याला ‘रजिस्ट्रेशन नंबर’ म्हटलं, वडिलांच्यालाही तेच म्हटलं, आणि आता वाचणाऱ्याला हे सगळे बाईंचेच नंबर वाटतील अशी भीती वाटतेय. आईवडिलांची फक्त पहिली नावं आहेत, आडनावं नाहीत. ती मी भरायची का?

देशपांडेकाका : निखिल, मला फारसी बोलता येत नाही, पण चाळीस वर्षं मोडी कागद वाचतोय, त्यातले फारसी शब्द ओळखीचे आहेत. ‘सादेरे अज़ यज़्द’ असं कुठे असेल तर आपल्या जुन्या पत्रांत ‘हुजूरून पत्र सादर जाले’ असं येतं, तोच हा ‘सादर’. म्हणजे निघालेलं, दिलेलं. ‘हौज़े’ म्हणजे आपला हौद किंवा हौज असणार. बहुधा हौजाजवळच्या कचेरीचं नाव. आणि वडिलांच्या नावाआधी आपण ‘वलद’ लिहायचो तसं ‘डॉटर ऑफ’ करून एका ओळीत घेऊन टाक.

शिरीन : आमच्या घरी पण यज़्दचाच प्रश्न आहे! माझे पणजोबा यज़्दजवळच्या एका गावातून मुंबईला आले आणि आम्ही ‘इराणी’ झालो. त्यांचा जन्मदाखला इंग्रजीत करून घ्यायचा आहे, पण घरात कागदच नाही. निखिल, तुमच्याकडे आहे त्या नमुन्यावरून आमचा करता येईल का? आडनाव आम्ही नंतर लावलं म्हणतात.

वैशाली : शिरीनताई, तुमचा प्रश्न वेगळा आहे, आधी त्याचं उत्तर देते. इराणमध्ये ही नोंदणी १९१८ साली सुरू झाली आणि आडनावाची सक्ती १९२५ च्या कायद्याने आली. पणजोबा त्याआधी आले असतील तर त्यांच्या नावाची पुस्तिका मुळात निघालेलीच नसेल. दुसऱ्याच्या कागदावरून भाषांतर करता येत नाही. भाषांतराला मूळ लागतं.

आता निखिल. मी तेहरानमध्ये आठ वर्षं होते आणि ओळखीपाळखीच्या लोकांचे असे बरेच कागद केले. या ४५६ चं मूळ समजलं की बाकीचं आपोआप सुटतं. पूर्वी प्रत्येक ठिकाणची नोंदणी कचेरी स्वतःचा क्रम चालवायची. यज़्दमध्ये ४५६ नंबर असणारी बाई आहे, तशी शिराझमध्येही असू शकते, एखाद्या लहान कचेरीत ३ नंबरचा माणूसही असू शकतो. त्यामुळे नुसता ४५६ निरर्थक आहे. तो नेहमी ‘४५६, सादेरे अज़ यज़्द’ असा, कचेरीच्या गावासकट सांगतात. इंग्रजीत ‘बर्थ सर्टिफिकेट नंबर ४५६, इश्यूड अ‍ॅट यज़्द’ असं जोडूनच लिही. वडिलांचा ८७ आणि आईचा ३१२ हे त्यांच्या त्यांच्या पुस्तिकांचे नंबर आहेत, म्हणून ‘फादर्स बर्थ सर्टिफिकेट नंबर’ असं मालकासकट लिही, आणि पुढे त्यांची देण्याची जागा असेल तर तीही. ती कित्येकदा वेगळी असते. वडिलांच्या पुढे तफ़्त असेल तर ‘यज़्दजवळच आहे’ म्हणून यज़्द करू नकोस.

काकांचं ‘सादर’ अगदी बरोबर आहे, ‘महल्ले सोदूर’ म्हणजे देण्याची जागा, त्यातला ‘सोदूर’ही त्याच मूळचा. पण ‘हौज़े’ आपला हौज नाही. पाण्याचा हौज ज़ाद या अक्षराने लिहितात, हा ज़े ने. उच्चार जवळचे, शब्द दोन. हा ‘हौज़े’ म्हणजे नोंदणी कचेरीचा विभाग, जसं ‘विभाग ३, यज़्द’. आणि वलदसारखं एका ओळीत घ्यायला मात्र मी नाही म्हणेन. मूळात जो रकाना वेगळा आहे तो भाषांतरातही वेगळाच राहू दे, म्हणजे तपासणारा दोन्ही कागद शेजारी ठेवून बोट फिरवू शकतो.

निखिल : मग कोपऱ्यातला? तिथे ‘अलिफ’ पूर्ण शब्दात लिहिलाय, पुढे १२ आणि सहा आकडे.

वैशाली : ती पुस्तिकेची मालिका आणि अनुक्रमांक. माणसाचा नंबर नव्हे, कागदाचा नंबर. नोटेवर असतो तसा. पुस्तिका हरवली आणि नवी दिली की माणसाचा ४५६ तोच राहतो आणि हा बदलतो. नव्या पुस्तिकेवर ‘अल्मोसन्ना’ असा शिक्का असतो, तो पाहा. असेल तर ‘डुप्लिकेट’ असं भाषांतरात आलंच पाहिजे, शिक्का म्हणून सोडून देऊ नकोस. अक्षर इंग्रजीत ‘A’ कर. एकटा अलिफ १ सारखा दिसतो, त्याला आकडा समजून ११२ केलेलं मी पाहिलंय.

आणि दहा आकडी नंबर तो राष्ट्रीय ओळख क्रमांक. इराणी वर्ष १३६८ नंतर जन्मलेल्यांचा पुस्तिकेचा नंबरही हाच असतो, त्यामुळे त्यांच्या कागदावर दोन ठिकाणी तोच आकडा दिसला तर चूक समजू नकोस. तुझ्या बाई त्याआधीच्या, म्हणून दोन वेगळे आहेत.

ओंकार : मी फारसीवाला नाही, हिशेबवाला आहे. या दहा आकड्यांत शेवटचा आकडा तपासणीचा असतो. एक बनावट नंबर घेऊ, ०० ने सुरू होणारा : ००१२३४५६७९. पहिल्या नऊ आकड्यांना डावीकडून १०, ९, ८ असं उतरत २ पर्यंत गुणा आणि बेरीज करा. ११२ येते. ११ ने भागून बाकी २ उरते. बाकी २ किंवा जास्त असेल तर ११ मधून वजा करायची, म्हणून शेवटचा आकडा ९. जुळला. बाकी ० किंवा १ असेल तर तीच शेवटचा आकडा. आता यातला २ चुकून ३ वाचलात तर बेरीज ११९ होते, बाकी ९, आणि तपासणीचा आकडा २ यायला हवा. समोर ९ आहे, म्हणजे वाचन चुकलंय. फारसी २ आणि ३ मध्ये फरक एका दातऱ्याचाच असतो ना? आणि हो, तक्ता करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नंबर टाकताना रकाना मजकुराचा ठेवा, नाहीतर पुढची शून्यं उडतात आणि दहाचे आठ आकडे होतात.

वैशाली : ओंकार, हे मी हातानेच पडताळत आले, कधी कुणाला समजावता आलं नव्हतं. निखिल, आकडे मात्र उजवीकडून वाचू नकोस. मजकूर उजवीकडून डावीकडे, पण संख्या आपल्यासारखीच डावीकडून.

आता आईबापांची नावं. आडनावं भरू नकोस. हे मी माझ्या चुकीतून शिकले. एका मैत्रिणीच्या कागदात ‘नाम-ए मादर’पुढे नुसतं ‘फातेमे’ होतं. मला वाटलं, अपुरं दिसतंय, म्हणून मी वडिलांचं आडनाव लावून दिलं. व्हिसा कचेरीने कागद परत पाठवला, कारण आईच्या पासपोर्टवर वेगळंच आडनाव होतं. इराणमध्ये लग्नानंतर बायका स्वतःचं आडनाव ठेवतात, कागदोपत्री ते बदलत नाही. आपल्या डोक्यात ‘आईचं आडनाव म्हणजे वडिलांचंच’ हे इतकं बसलेलं असतं की हात आपोआप जातो. मूळात जितकं आहे तितकंच लिही. फॉर्ममध्ये आईचं माहेरचं आडनाव विचारलं असेल तर ते बाई फॉर्ममध्ये भरतील, भाषांतरात नाही.

निखिल : वडील ‘गुलाम रेज़ा’ आहेत. म्हणजे नाव गुलाम, आडनाव रेज़ा, असं समजून मी ते दोन रकान्यांत टाकलं होतं!

वैशाली : ते एकच नाव आहे. गुलामरेज़ा, मोहम्मदअली, अलीअकबर, सगळी जोडनावं. इंग्रजीत जोडरेघ घालून ठेव, म्हणजे कुणी तोडणार नाही. स्पेलिंगसाठी बाईंचा पासपोर्ट माग. तिथे वडिलांचं नाव असेल तर तेच अक्षरशः घे. नसेल तर बाईंच्या नावातल्या सवयी बघ. आपल्याकडची ‘Fatima’ लिहायची सवय इथे आड येते. त्या पासपोर्टवर ‘Fatemeh’ असू शकतं, शेवटचा h उच्चारात नसला तरी.

शिरीन : नावापुढे ‘सैयद’ असेल तर? आमच्या शेजारच्या इराणी कुटुंबात होतं. तो किताब म्हणून सोडायचा का?

वैशाली : नावाच्या रकान्यात असेल तर तो नावाचा भाग. मी ठेवते. पण एका जुन्या अनुवादकाचं म्हणणं होतं की पासपोर्टवर नसेल तर कंसात टीप द्यावी. मला ते पटत नाही, पण त्यांना इतकी वर्षं अडचण आली नव्हती, म्हणून चूकही म्हणवत नाही.

देशपांडेकाका : हौजाचं मी आजपासून खोडून टाकतो. पण मथळ्याला ‘बर्थ सर्टिफिकेट’ म्हणायचं का? शेनासनामे म्हणजे शब्दशः ओळखपत्र झालं.

वैशाली : काका, इथे मी तुमच्या बाजूने आहे, पण पूर्ण नाही. या पुस्तिकेत पुढच्या पानांवर लग्न, घटस्फोट, मुलं आणि शेवटी मृत्यूचीही नोंद होते. दवाखान्यातून मिळणारा जन्माचा दाखला वेगळा, त्याला ‘गवाही-ये वेलादत’ म्हणतात. पण परदेशी कचेऱ्या ‘बर्थ सर्टिफिकेट’ मागतात आणि हेच घेतात. मी मथळ्याला तेच लिहिते आणि खाली रिकामी पानंही नोंदवते : ‘लग्नाची नोंद नाही’. पान गाळलं तर लपवल्यासारखं दिसतं.

ओंकार : म्हणजे जन्मदाखल्यात मृत्यूची जागा! मग ‘आयडेंटिटी बुकलेट’च म्हणा ना.

वैशाली : काही जण म्हणतात. ज्याला कागद द्यायचा त्याचा शब्द पाहून ठरवावं.

निखिल, तारीख पण टाक एकदा.

निखिल : शब्दांत ‘बारा मोर्दाद, एक हजार तीनशे बासष्ट’. मी ६२२ मिळवून १९८४ केलंय.

वैशाली : एक वर्ष जास्त झालं. वर्ष मार्चमध्ये सुरू होतं, म्हणून डिसेंबर संपेपर्यंत ६२१ मिळवायचे, जानेवारी लागला की ६२२. मोर्दाद पाचवा महिना, म्हणजे बारा मोर्दाद १३६२ ही ३ ऑगस्ट १९८३. मूळ फारसी तारीखही शेजारी ठेव.

निखिल : लिहून घेतलं. एकच राहिलं. आईचा ३१२ हाताने लिहिलाय आणि शेवटचा आकडा २ की ३ ते मला सांगता येत नाही. ओंकारची युक्ती इथे चालेल?

ओंकार : नाही, तीन आकड्यांच्या नंबरात तपासणीचा आकडा नाही.

वैशाली : आईंची स्वतःची पुस्तिका आहे का विचार. पहिल्या पानावर त्यांचा नंबर असेलच, आणि मुलांच्या पानावर तुझ्या बाईंचं नाव व जन्मतारीख. त्या पानांच्या फोटोंवरून दोन्ही पडताळता येतील. मिळाली नाही तर अंदाजाने २ लिहू नकोस, ‘शेवटचा आकडा अस्पष्ट’ असं लिही.

निखिल : आई यज़्दलाच असतात. आज रात्री बाई त्यांना पुस्तिकेचा फोटो पाठवायला सांगणार आहेत. तोपर्यंत ती जागा मोकळी ठेवतोय.