रिझ्युमे जोडायचा की लिंक द्यायची?

निखिल_नाशिक: अर्जाच्या मेलला अजून पीडीएफ जोडणारे लोक आहेत? माझी रिझ्युमे, मार्कशीट, सर्टिफिकेटं मिळून ८ एमबीची फाइल आहे. जोडली की मेल परत येतो. ड्राइव्हची लिंक टाका आणि मोकळे व्हा.

भरतीवाली: मोकळे तुम्ही होता हो, अडकतो आम्ही. चाकणच्या एका कारखान्यासाठी माणसं भरते, रोज अशा लिंका बघते. निम्म्या उघडल्या की 'परवानगी मागा' असा पडदा. ड्राइव्हवर फाइल मुळात फक्त तुमच्यापुरती असते, तुम्ही स्वतःच्या खात्यात लॉगिन असल्यामुळे तुम्हाला ती छान दिसते. इन्कॉग्निटो खिडकीत एकदा तरी उघडून बघा. त्यात आमच्या नेटवर्कवर ड्राइव्हच बंद आहे, लिंक बघायला मी स्वतःचा मोबाइल काढायचा का? जोडलेली फाइल मी सरळ प्रॉडक्शनच्या साहेबांना फॉरवर्ड करते. ते तीन आठवड्यांनी उघडतात, तोवर तुम्ही ड्राइव्ह साफ केलेला असतो.

कुमार_कोल्हापूर: झिप करून पाठव की रे. एवढा काय घोळ!

मेलसर्व्हर_काका: झिपने काही होणार नाही. आत मोबाइलने काढलेले फोटो असणार, ते आधीच दाबलेले असतात. वर काही कंपन्या झिप आली की मेल अडवून ठेवतात.

निखिल, ८ एमबी का परत येते ते सांगतो. मेलमधून फाइल जाते ती अक्षरांत रूपांतर होऊन, आणि त्यात ती साधारण एक तृतीयांशाने फुगते. तुझी ८ ची जवळपास ११ होते. जीमेल २५ पर्यंत जोडू देतं म्हणून तुला वाटतं जागा आहे, पण समोरच्याचा सर्व्हर १० वर अडवत असेल तर तिथेच संपलं. परत आलेल्या मेलमध्ये 552 5.3.4 दिसतंय का बघ. दिसलं तर भानगड आकाराचीच.

आता फाइल इतकी मोठी का? वर्डमध्ये टाइप केलेला दोन पानी रिझ्युमे थेट पीडीएफ केला तर काहीशे केबीत बसतो. प्रिंट काढून मोबाइलने स्कॅन केलास तर प्रत्येक पान फोटो होतं. पीडीएफमधली एक ओळ निवडून नोटपॅडमध्ये चिकटव. अक्षरं आली नाहीत तर भरतीच्या सॉफ्टवेअरलाही त्यातलं काही वाचता येईलच असं नाही. तो वर्डमधूनच पुन्हा काढ. मार्कशीटची वेगळी फाइल कर आणि घोस्टस्क्रिप्टने दाब, विंडोजवर `gs` च्या जागी `gswin64c` लिही:

```
gs -sDEVICE=pdfwrite -dPDFSETTINGS=/ebook -o lahan.pdf mothi.pdf
```

हे चित्रं १५० डीपीआयवर आणतं. मार्कशीटवरचे आकडे वाचता येतात ना, हे मात्र डोळ्यांनी बघ. `/screen` लावू नकोस, ७२ वर शिक्के पुसट होतात.

सुलभा_के: मुळात मार्कशीट पहिल्याच मेलला का हव्यात? माझ्या मुलाकडे एका कंपनीने मुलाखतीच्या आधीच आधार, पॅन आणि तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा मागितल्या. नंतर साधं उत्तरही नाही. ती आधारची प्रत आता कुणाच्या कॉम्प्युटरवर पडली आहे?

भरतीवाली: ताई, सगळ्यांना एका माळेत ओवू नका. आम्ही निवड झाल्यावरच मागतो.

सुलभा_के: तुम्ही मागत नसाल, पण मागणारे तुमच्याच धंद्यातले आहेत ना? नाही दिलं तर 'कागदपत्रं अपुरी' म्हणून बाद.

मेलसर्व्हर_काका: द्यावंच लागलं तर आधारच्या साइटवरून मास्क्ड आधार उतरवा. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

सुलभा_के: तेच दिलं होतं. 'पूर्ण पाठवा' म्हणाले.

कुमार_कोल्हापूर: स्लिपा मागतात त्या फक्त पगार पाडायला. जुना आकडा कळला की त्यावर दहा टक्के टेकवायचे, झालं.

भरतीवाली: पगार मी ठरवत नाही! वरून आकडा येतो. माझ्यावर का ओरडताय?

आर्की_रत्नागिरी: मूळ मुद्द्यावर येऊ का? मी आर्किटेक्ट आहे, माझा पोर्टफोलिओ ६० एमबीचा. तो कुठल्याही मेलमध्ये मावत नाही, मग लिंकशिवाय काय करू?

मेलसर्व्हर_काका: रिझ्युमे जोडायचा, निवडक चार-पाच पानं दाबून जोडायची, दोन्ही मिळून ५ एमबीच्या आत. पूर्ण पोर्टफोलिओची लिंक मेलमध्ये आणि रिझ्युमेतही. लिंक उघडली नाही तरी तुमचं काम त्यांच्या हातात असतं.

भरतीवाली: हे चालेल. जाहिरातीतच लिंक मागितली असेल तर तीच द्या, तेवढं मान्य.

निखिल_नाशिक: बरं बाबा, जोडतो. रिझ्युमे १८० केबी झाला, मार्कशीट दीड एमबी. पण पाठवल्यावर फोन नंबर चुकलेला दिसला तर? लिंक असती तर आतल्या आत बदलता आला असता.

भरतीवाली: नंबर बघून मग पाठवा. आणि फाइलचं नाव `resume_final_new2.pdf` ठेवू नका, माझ्याकडे तसल्या ढीगभर आहेत.

सुलभा_के: आधारचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.