सी विंग ग्रुप: साने काकांच्या संगणकाचं नेट

साने काका (५०३): आज परत तेच. धाकटीची ऑनलाइन परीक्षा चालू आणि नेट गायब. गच्चीवर ते टॉवरचे डबे बसल्यापासून हा त्रास आहे. कमिटीने खुलासा करावा.

सेक्रेटरी मॅडम: साने साहेब, गच्चीचा विषय मागच्या सभेत संपला आहे. कृपया तो पुन्हा काढू नये 🙏

कदम काका (१०२): डेस्कटॉप जागचा हलत नाही. त्याला वायरच हवी. केबल टाका.

मिलिंद (४०१): काका, त्याच खोलीत फोनचं नेटही जातं का?

साने काका: नाही. फोन छान चालतो.

मिलिंद: मग गच्चीचा संबंध नाही. कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि हे टाका. आकडे राउटरच्या पत्त्याचे आहेत, तुमचा वेगळा असेल तर तो डब्यामागच्या स्टिकरवर असतो.

```
ping -t 192.168.1.1
```

हे फक्त संगणक ते राउटर एवढंच अंतर तपासतं. इथे आकडे स्थिर असतील तर दोष कंपनीच्या लाइनचा. इथेच उड्या मारत असतील तर दोष घरातला.

साने काका: ३, ४, ३, मग ८१२, मग Request timed out.

मिलिंद: घरातलाच आहे. वायफायचा डोंगल कुठे लावलाय?

साने काका: कॅबिनेटच्या मागे. शेजारीच बॅकअपची हार्ड डिस्क आहे, निळ्या पोर्टला.

कदम काका: मी म्हटलं ना, केबल टाका.

मिलिंद: काका, डिस्क काढून पाच मिनिटं परत बघा.

साने काका: अरे! आता ३-४ च्या वर जातच नाही.

मिलिंद: निळं पोर्ट म्हणजे यूएसबी ३. त्यातून डेटा धावताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट होतो आणि तुमचा छोटा डोंगल नेमका त्याच पट्ट्यात ऐकतो. इंटेलने यावर २०१२ सालीच लेख काढला होता. त्यात मागे भिंत, पुढे पत्र्याचं कॅबिनेट. तूर्तास मीटरभराची यूएसबी एक्स्टेन्शन वायर घेऊन डोंगल टेबलावर आणा आणि डिस्क लांबच्या पोर्टला लावा.

नेहा वहिनी (३०४): आम्ही डोंगल सोडून आतलं कार्ड बसवलं. वायफाय मस्त, पण ब्लूटूथ दिसतच नाही. दुकानदार म्हणतो कार्ड खराब.

मिलिंद: वहिनी, कार्डासोबत एक पातळ वायर आली होती का? ती मदरबोर्डवरच्या ९ पिनांच्या यूएसबी हेडरला लावावी लागते. वायफाय पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून चालतं, पण ब्लूटूथ यूएसबीवर.

नेहा वहिनी: ती वायर खोक्यातच आहे 😳 थँक्यू!

साने काका: मग मीही कार्डच घेऊ का?

मिलिंद: कार्ड चांगलंच. पण अँटेना कॅबिनेटमागे स्क्रूने बसणारं नको. वायरीवर येणारा, टेबलावर ठेवता येणारा अँटेना घ्या आणि ५ गिगाहर्ट्झ आहे ना ते बघा. नाहीतर डोंगलची अडचण तशीच राहते.

कदम काका: केबल टाका.

मिलिंद: यावेळी कदम काकांचं बरोबर आहे. हॉल ते खोली किती अंतर?

साने काका: भिंतीच्या कडेने १४-१५ मीटर.

मिलिंद: मग परीक्षेच्या संगणकाला केबलच. मर्यादा १०० मीटरची आहे. फक्त तांब्याची तार मागून घ्या, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची नको. राउटरपासून काढून स्कर्टिंगवर पट्टीत बसवा.

सेक्रेटरी मॅडम: केबल फ्लॅटच्या आतूनच. डक्टमधून कोणीही ओढू नये.

साने काका: मॅडम, १०२ ची केबल वर्षभर डक्टमधूनच लोंबतेय.

कदम काका: ती तात्पुरती आहे. आणि तुमची कुंडी जिन्यात कायमची आहे.

वाघ (२०१): जिन्यात कुंडी, डक्टमध्ये केबल, आता लिफ्टमध्ये राउटर लावा 😂

सेक्रेटरी मॅडम: विषयाला धरून बोलावे.

*(रविवार)*

साने काका: केबल टाकली, पण प्लॅन २०० चा असून स्पीड ९४ च्या वर जात नाही. पैसे वाया?

मिलिंद: नाही. सेटिंग्जमध्ये इथरनेटवर Link speed काय दिसतं?

साने काका: 100/100 (Mbps)

मिलिंद: केबलच्या आठ तारांपैकी एखादी कनेक्टरमध्ये नीट बसली नसणार. १०० ला चार तारा पुरतात, १००० ला आठही लागतात. त्यामुळे नेट चालतं, पण हळू. दोन्ही टोकं परत क्रिंप करून घ्या.

साने काका: केलं. आता 1000/1000, स्पीड १९६. राउटरचा ping पण <1ms.

कदम काका: मी पहिल्याच मेसेजला सांगितलं होतं.

सेक्रेटरी मॅडम: अभिनंदन. कदम साहेब, आता डक्टची केबल कधी काढताय?