उपरोक्त, पुनरावलोकन, पुनर्रचना: या पत्रातले संधी बरोबर आहेत का?

धरमपेठचा सचिव: आमच्या गृहनिर्माण संस्थेचं पत्र सभासदांना जायचं आहे. वाक्य असं: ‘उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, मागील ठरावाचे पुनरावलोकन करून उपसमित्यांची पुनर्रचना करण्यात येत आहे.’ अध्यक्ष म्हणतात, बरोबर आहे. खजिनदारांनी तिन्ही शब्दांखाली लाल रेघ मारली. कोणाचं ऐकू?

रामटेकची संस्कृतवाली: तिन्ही शब्दांचं दुखणं वेगवेगळं आहे. सरळ चूक एकच, पुनरावलोकन. ‘पुनर्’ बाजूला काढा आणि उरलेलं वाचून पाहा. पुनरागमनातून आगमन निघतं, पुनरावृत्तीतून आवृत्ती, पुनरुच्चारातून उच्चार. हे सगळे शब्द आपापल्या पायावर उभे राहतात. पुनरावलोकनातून मात्र ‘आवलोकन’ निघतं, आणि असा शब्दच नाही. मूळ शब्द अवलोकन, म्हणून पुनरवलोकन. तो ‘आ’ बहुधा पुनरावृत्तीच्या वळणाने आला असावा. जड वाटत असेल तर कायद्याच्या मराठीतलं ‘पुनर्विलोकन’ घ्या. तिथे ‘वि’ आल्यामुळे अ की आ हा घोळच होत नाही.

नियम म्हणजे नियम: मॅडम, पुनर्रचना कशी सोडली? मूळ शब्द ‘पुनः’, शेवटी विसर्ग. मनः + रथ = मनोरथ, मग पुनः + रचना = पुनोरचना. आम्हाला शाळेत असंच घोकून घेतलं होतं.

रामटेकची संस्कृतवाली: घोकलेलं अर्धं बरोबर आहे, भाऊ. मनोरथ पक्का. पण विसर्ग दिसायला सारखा असला तरी त्याच्या मागचं अक्षर वेगळं असतं. मनः मुळात ‘मनस्’, त्याचा ओ होतो. पुनः मुळात ‘पुनर्’, त्याचा ओ कधीच होत नाही, नाहीतर आपण पुनोजन्म म्हणालो असतो. आता र् पुढे पुन्हा र आला की संस्कृतात पहिला र् गळतो आणि त्याच्या आधीचा स्वर दीर्घ होतो. निर् + रस = नीरस, तो असा. त्या हिशोबाने इथे ‘पुनारचना’ होईल. लिहिणार का तुम्ही?

महालचा मुद्रितशोधक: नाही लिहिणार, आणि माझा मुद्दा तोच आहे. पुनर्रचना छापताना कोणाचा हात अडखळत नाही. मराठीने तिथे दोन्ही र ठेवले, विषय संपला. संस्कृतचा नियम मराठी पत्राला किती लावायचा ते आधी ठरवा. जिल्हाधिकारी घ्या. जिल्हा अरबीतून आला, अधिकारी संस्कृत, आणि दोघांचा बिनबोभाट दीर्घ संधी. शहराध्यक्षात शहर फारसी. याला कोणी लाल रेघ मारते का?

मग ‘उपरोक्त’वरच राग काहून? उपरि + उक्त धरलं तर उपर्युक्त, मान्य. पण ‘उपर’ मराठीत आहेच. ‘त्याउपर हरकत चालणार नाही’ असं आपण बोलतो. उपर + उक्त = उपरोक्त, अगदी नियमातला संधी. आणि कामातलं सांगतो, ‘उपर्युक्त’ लिहून दिलं की टंकलेखक ‘उपयुक्त’ करून ठेवतात. ‘उपयुक्त विषयास अनुसरून’ असं पत्र मी छापायच्या आधी पकडलेलं आहे.

इतवारीची आई: मुलीच्या लग्नाची पत्रिका छापायला दिली आहे. ‘शुभाशिर्वाद’ छापून आणलं. हा संधी चुकला का?

महालचा मुद्रितशोधक: ताई, शुभ + आशीर्वाद हा सांधा ठीक आहे. फक्त ‘शी’ दीर्घ पाहिजे. छपाई व्हायच्या आत सांगा त्यांना.

रामटेकची संस्कृतवाली: जिल्हाधिकारी मला मान्य आहे, कारण ते जोडणाऱ्याला दोन्ही शब्द माहीत होते. ‘उपरोक्त’ लिहिणाऱ्याच्या मनात खरंच ‘त्याउपर’मधलं उपर असतं का? मला वाटतं, उपरि तोडायचं राहून गेलं आणि समर्थन नंतर शोधलं. मी स्वतः उपर्युक्तच लिहीन. दुसऱ्याच्या पत्रात मात्र उपरोक्त खोडणार नाही.

महालचा मुद्रितशोधक: लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं, हे कागदावर कुठे दिसते बाप्पा? शब्दाची फोड लागली की झालं. पुनरावलोकनाची लागत नाही, म्हणून तिथे मी तुमच्या बाजूने.

नियम म्हणजे नियम: म्हणजे रूढ असलेलं पुनर्रचना चालतं आणि तितकंच रूढ असलेलं पुनरावलोकन चालत नाही? हा कुठला न्याय?

रामटेकची संस्कृतवाली: पुनर्रचनेत दोन्ही शब्द साबूत आहेत, फक्त सांधला नाही. पुनरावलोकनात अवलोकनाचं तोंडच बदललं.

नियम म्हणजे नियम: पटलं नाही. वर्तमानपत्रं रोज छापतात.

धरमपेठचा सचिव: पुनर्विलोकन केलं, पुनर्रचना ठेवली. उपरोक्तच्या जागी ‘वरील’ टाकून भांडण मिटवावं म्हटलं, तर अध्यक्ष म्हणाले, ‘वरील’ने पत्राला वजन येत नाही. खजिनदार उपर्युक्तवर अडून आहेत. सही दोघांची लागते.