मदत हवी आहे: शाहू महाराजांच्या १९०२ च्या जाहीरनाम्यावर आठवीला प्रश्न कसे काढू?

पंचगंगाकाठ
कोल्हापुरातच आठवीला इतिहास शिकवते, वर्गात ४८ पोरं, तास ३५ मिनिटांचा. परवा महाराजांचा आरक्षणाचा जाहीरनामा घेतला. १४ प्रश्न काढून नेले होते, १० आठवणीचे आणि ४ विचार करायला लावणारे. "महाराजांनी ५० टक्के जागा का राखून ठेवल्या?" हा मला भारी प्रश्न वाटला होता, पण पहिल्या बाकावरच्या पोरीनं माझं वाक्य संपायच्या आत "मागास समाजाच्या उन्नतीसाठी" म्हणून टाकलं, संपला विषय. पुढच्या प्रश्नाला ठरवून गप्प उभी राहिले, तर सगळ्यांच्या माना खाली, मग मलाच राहवेना, प्रश्न फिरवून विचारला, पुन्हा फिरवला आणि शेवटी उत्तर मीच सांगितलं. कुठं चुकतंय? सोमवारी दुसऱ्या तुकडीला हाच धडा आहे.

रंकाळावाला
ताई, सोपं आहे, प्रत्येक प्रश्नाला मनात १० आकडे मोजायचे. मी प्रशिक्षणात ऐकलंय, थांबलं की उत्तरं चांगली येतात.

जुना_मास्तर
थांबायचं हे बरोबर, पण प्रत्येक प्रश्नाला नको. "जाहीरनामा कधीचा?" याला १० सेकंद थांबलात तर पोरं कुजबुजायला लागतील. २६ जुलै १९०२, येत असेल तर लगेच येतं, नसेल तर थांबून येत नाही. मेरी बड रो या अमेरिकन बाईंनी वर्गांची रेकॉर्डिंगं तपासली तेव्हा शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबत होते, आणि ३ सेकंदांच्या वर गेल्यावर उत्तरं लांब यायला लागली. आकडा तेवढाच आहे, १० नाही.

पण बाई, तुमची खरी अडचण प्रश्नात आहे. "का" असलं म्हणून प्रश्न विचाराचा होत नाही. उत्तर पुस्तकात तयार असेल तर तो आठवणीचाच. मी असं करतो. आधी तीनच आठवणीचे, पटापट: कधी, किती टक्के, आणि कुठल्या जागांपैकी. तिसरा सोडू नका, उत्तर "रिकाम्या होणाऱ्या जागा". मग फळ्यावर दोन ओळी: १८९४ ला संस्थानात ७१ अधिकारी, त्यात ६० ब्राह्मण. १९१२ ला ९५ पैकी ३५. आता विचारायचं, जाहीरनाम्याला १० वर्षं झाली तरी ३५ कसे काय उरले? हे गाईडात नाही. फळ्यावरच्या "रिकाम्या" शब्दाकडं जो बघेल त्याला सापडतं की होते त्यांना काढलं नव्हतं.

आणि प्रश्न विचारला की तोंड बंद. प्रश्न फिरवलात की पोरांचा चालू झालेला विचार मोडतो, त्यांना दुसराच प्रश्न ऐकू येतो. आधी एक मिनिट वहीत लिहू दे, मग हात. उत्तर आल्यावरही लगेच "शाब्बास" नको, तिथंही ३ सेकंद. माझ्या वर्गात एकजण म्हणाला, "सर, लोक निवृत्त झाल्याशिवाय जागा कुठनं येणार?" मी गप्प राहिलो, तर मागनं दुसरी, "पण ७१ च्या ९५ झाल्या की, नवीन जागा पण आल्या." मी शाब्बास म्हणालो असतो तर ती बोललीच नसती.

शिरोळकर
आमच्याकडं सहामाहीच्या पेपरात विचारप्रवर्तक प्रश्नांना किती गुण ठेवायचे यावरनं वाद चालू आहे. तुमच्या शाळेत आराखडा कसा करतात?

पंचगंगाकाठ
दादा, पेपरचं नाही ओ, तासात तोंडी विचारायच्या प्रश्नांचं चाललंय.
सर, मोबाईलवर स्वतःचा तास रेकॉर्ड करून ऐकला. मला वाटत होतं मी खूप वेळ थांबले, घड्याळ लावलं तर जेमतेम २ सेकंद. एक शंका आहे, १९१२ चे उरलेले ६० म्हणजे सगळे मागास वर्गातले, असं पोरं लिहितील ना?

जुना_मास्तर
लिहितील, आणि ते चूक आहे. जाहीरनाम्यात ब्राह्मणांबरोबर प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्गही सवलतीतनं वगळले होते, त्यामुळं ६० मध्ये कोण कोण ते या दोन ओळींतनं कळत नाही. हाच शेवटचा प्रश्न करा: या आकड्यांवरनं काय सांगता येतं आणि काय नाही?

दसरा_चौक
माझी लेक आठवीलाच आहे. जातीचे आकडे फळ्यावर आले की पोरं एकमेकांच्या आडनावांकडं बघतात, हे मी तिच्याकडनं ऐकलंय. त्यापेक्षा आमच्या चौकातल्या बोर्डिंगांवरनं चालू करा की. वसतिगृहं १९०१ पासनं, जाहीरनामा नंतर. आधी राहायची सोय आणि मग नोकरी, असा क्रम का, हा प्रश्न चालेल का?

जुना_मास्तर
चालेल, भारी आहे. पण आकडे सोडून नुसत्या बोर्डिंगांवर थांबलात तर जाहीरनाम्याची गरज काय होती ते पोरांना दिसत नाही. आडनावांचं मात्र तुमचं खरं आहे, त्याला माझ्याकडं पक्कं उत्तर नाही. मी एवढंच पाळतो, वर्गात कुणाची जात विचारत नाही आणि कुणाला स्वतःच्या घरचं उदाहरण द्यायला लावत नाही.

पंचगंगाकाठ
मग सोमवारी आधी बोर्डिंग, मग आकडे. १४ चे ५ प्रश्न केलेत. ४८ वह्या मिनिटभरात बघून कुणाला आधी उठवायचं ते अजून जमत नाही, कोण कसं करतं ते सांगा.