मदत हवी आहे: आयगेन व्हॅल्यू झटपट काढताना चिन्हाची चूक कशी पकडायची?

दोन बाय दोन मॅट्रिक्ससाठी मी ट्रेस-डिटरमिनंटची युक्ती वापरतो. ट्रेसचा निम्मा m, डिटरमिनंट p, मग उत्तर m ± √(m² − p). [8 4; 2 6] साठी m = 7, p = 48 − 8 = 40, म्हणजे 7 ± √9, उत्तर 10 आणि 4. अर्ध्या मिनिटाचं काम.

पण काल [5 1, −1 3] ला फसलो. m = 4 बरोबर आलं, डिटरमिनंट मात्र घाईत 15 − 1 = 14 केलं. उत्तर 4 ± √2. पडताळा म्हणून बेरीज केली तर 8, गुणाकार 14, सगळं जुळलं! जुळणारच म्हणा, चुकीचा p मीच आत घातला होता. खरा p 15 + 1 = 16 आहे आणि 4 हीच व्हॅल्यू दोनदा येते.

मग आकडेमोड करताना लक्षात आलं की m² − p म्हणजेच ((a − d)/2)² + bc. इथे 1 + (1)(−1) = 0, वजा-वजाची भानगडच नाही. bc ऋण असून त्याचं परिमाण त्या वर्गापेक्षा मोठं असेल तर व्हॅल्यू कॉम्प्लेक्स, हेही लगेच दिसतं.

माझे दोन प्रश्न. तुम्ही थेट हेच सूत्र वापरता का, की यातही काही खाचखळगे आहेत? आणि [4 0, 0 4] चे ट्रेस-डिटरमिनंट अगदी हेच आहेत, पण तिथे प्रत्येक शून्येतर व्हेक्टर आयगेन व्हेक्टर असतो, माझ्या मॅट्रिक्सला मात्र एकच दिशा मिळते. हा फरक पटकन ओळखायला b आणि c दोन्ही शून्य आहेत का एवढं बघणं पुरेल?